बुधवारी सकाळी घरातच मिसळ, बायकोला पत्ता न लागता

प्रश्न: बायको कागल एमआयडीसीत नोकरीला आहे, सव्वासातला कंपनीची बस पकडायची म्हणून रोज नुसत्या चहावर निघते. पहाटे उठून स्वतःचा डबा पण तीच करते. मला तिला आठवड्यातल्या एखाद्या दिवशी नाष्ट्याचं सरप्राईज द्यायचंय. बजेट दीडशेच्या आत, सकाळी वेळ जेमतेम अर्धा तास, स्वयंपाक मला चहा, पोहे, आमटीपर्यंत येतो. संध्याकाळी मी तिच्या तासभर आधी घरी येतो. काय करू?

भावा, मिसळ कर. राजारामपुरीत माझं छोटं नाष्टा सेंटर आहे, बरीच वर्षं रोज पहाटे कट उकळतोय, त्यामुळं जे सांगतोय ते हातातलं आहे. पोहे-उप्पीट तिला रविवारी कधी तरी मिळतंच असणार, पण कामाच्या दिवशी सकाळी पावणेसातला घरच्या टेबलावर मिसळ ही गोष्ट कोल्हापुरातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही, कारण मिसळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाहेर जाऊन खायची. आणि आमटी येते म्हणालास ना, मग कट येणारच, फक्त क्रम नीट पाळायचा.

पण रेसिपीच्या आधी डब्याचं बघू. वहिनी पहाटे उठून डबा करतात म्हणजे त्या सव्वापाचपासून किचनमध्येच असणार, मग तू सरप्राईज करणार कुठं? त्यामुळं आदल्या रात्री झोपताना एवढंच सांगायचं की उद्याचा डबा माझ्याकडं, तू सहाला ऊठ. नाष्ट्याचं नाव काढायचं नाही. त्यांना पाऊण तास झोप जास्त मिळते आणि तुला ओटा मोकळा मिळतो. डब्याला चपात्या संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीच चार जास्त करून घ्या, नाहीतर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आण, आणि भाजी म्हणून मिसळीच्या मटकीतलीच अर्धी मटकी सुकी परतून द्यायची. एकाच मटकीत नाष्टा पण झाला, डबा पण झाला.

दुसरं म्हणजे वार. कटात कांदा-लसूण भरपूर असतं, तेव्हा ज्या दिवशी खायचं त्या दिवशी वहिनींचा उपवास नाही ना हे आधी बघून ठेव. आपल्याकडं कुणाचा अंबाबाईचा मंगळवार किंवा शुक्रवार, कुणाचा दत्ताचा गुरुवार, वर एकादशी, संकष्टी, आणि श्रावणात तर कितीतरी घरात कांदा-लसूण बंदच असतं. कॅलेंडर काढून बघ आणि मग दिवस ठरव. मी बुधवार धरून पुढचं सांगतो, तुझा वार वेगळा असला तर तसं मागं-पुढं कर.

मटकी दोघांना नाष्टा आणि एक डबा मिळून एक आमटीची वाटी कोरडी घे, मोड आल्यावर ती दुपटीपेक्षा जास्त होते. सोमवारी सकाळी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाल, रात्री पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांध आणि एका डब्यात घालून झाकण जरा उघडं ठेवून वरच्या फळीवर ठेव. मंगळवारी संध्याकाळपर्यंत नखाएवढे मोड येतात. उन्हाळ्यात एवढा वेळ लागत नाही, सोमवारी रात्री भिजवून मंगळवारी सकाळी बांधली तरी संध्याकाळी मोड दिसतात. पावसाळ्यात मात्र लक्ष ठेव, आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि फडक्यातली मटकी चिकट होऊन आंबूस वास मारायला लागते, तेव्हा मधे एकदा उघडून पाण्याखाली धुऊन परत बांधायची. हाताला बुळबुळीत लागली आणि वास आला की ती टाकून द्यायची, धुऊन वापरायच्या फंदात पडू नको. हे सगळं झेपत नसेल तर कपिलतीर्थ मार्केटमध्ये नाहीतर लक्ष्मीपुरीत भाजीवाल्या मावशींकडं मोड आलेली मटकी सुटी मिळते, ती मंगळवारी येताना घेऊन ये, फक्त पांढरी आणि कोरडी असलेली घे, पिवळट पडलेली नको. कोरडी घे की मोडाची, शिजवायच्या आधी परातीत पसरून एकदा हात फिरव, खड्यासारखे टणक राहिलेले दाणे काढून टाक, ते कितीही शिजवलं तरी शिजत नाहीत आणि घासात एक जरी आला तरी दातात कचकन लागतो.

आता खरी अडचण म्हणजे वास. कट घरात केला की लसूण-खोबऱ्याचा वास तास-दोन तास जात नाही, आणि वहिनी दारात पाय ठेवताच विचारणार काय केलंस म्हणून. तो वास लपवायचा प्रयत्न करू नको, त्याला कारण देऊन टाक. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला त्याच वाटणाची आमटी कर, वांग्याची कर, शेवग्याची कर, तुला जी येते ती. वाटण एकच, अर्धं आमटीला, अर्धं कटाला. घरभर वास आहे आणि ताटात आमटी आहे, शंका यायचं कारणच नाही. मिक्सर पण तेव्हाच लावून होतो, सकाळी मिक्सर लावलास तर सगळं घर जागं होईल.

तर मंगळवारी सहाला घरी आलास की आधी मटकी एका गॅसवर शिजत टाक. पातेल्यात मटकी, ती जेमतेम बुडून वर दोन बोटं येईल एवढं पाणी, हळद, चिमूटभर हिंग आणि थोडं मीठ. झाकण अर्धवट ठेव. कुकर नको, एका शिट्टीत सुद्धा मोडाच्या मटकीचा लगदा होतो आणि मिसळीत दाणा अख्खा दिसला पाहिजे. साधारण आठ-दहा मिनिटांनी एक दाणा बोटात दाबून बघ, सहज चेपला पण साल सुटून आलं नाही म्हणजे झाली. मग चाळणीतून गाळ, आणि ते खालचं पिवळं पाणी फेकू नको बरं का, कटाला तेच घालायचं, निम्मी चव त्यात असते.

दुसऱ्या गॅसवर वाटण. दोन मध्यम कांदे उभे चिरून चमचाभर तेलात मध्यम आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत भाज, ह्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि इथं घाई चालत नाही. कांदा पांढरट राहिला की कटाला कच्चा, गोडसर वास येतो आणि तो मग कितीही उकळून जात नाही. कांदा होत आला की दहा-बारा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं त्यातच टाक. ते काढून घेतलं की त्याच गरम कढईत दोन चमचे तीळ, ते तडतडले की अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं टाक आणि लगेच गॅस बंद कर, कढईच्या उष्णतेवरच ते बिस्किटाच्या रंगावर येतं. खोबरं चालू गॅसवर ठेवून तू मोबाईल बघायला गेलास तर ते जळणार, आणि जळक्या खोबऱ्याचा कट कडू होतो. सगळं गार झालं की मूठभर कोथिंबीर काड्यांसकट आणि एक छोटा टोमॅटो घालून थोड्या पाण्यात अगदी बारीक वाट. हाताला रवाळ लागता कामा नये, वाटण जाडंभरडं राहिलं तर ते खाली बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं.

अर्धं वाटण आमटीला बाजूला काढून ठेव आणि कटाला लाग. कढईत जेवायच्या चमच्यानं चार चमचे तेल, शेंगतेल असेल तर छानच. डोळ्याला जास्त दिसेल पण कमी करू नको, कारण चटणीचा लाल रंग तेलातच उतरतो, पाण्यात उतरत नाही, तेल कमी पडलं की कट विटकरी दिसतो आणि वर तवंग येत नाही. तेल तापलं की मोहरी आणि कढीपत्ता टाक, आणि मोहरी तडतडली की गॅस बंद कर. हो, बंद. अर्धा मिनिट थांब आणि मग घरच्या कांदा-लसूण चटणीचे दोन चहाचे चमचे टाकून हलव. उकळत्या तेलात चटणी टाकली की डोळ्यासमोर काळी पडते, ठसका लागतो आणि तिथंच मिसळ गेली. बरोबर जमलं तर तेल लगेच लालभडक होतं आणि वास खमंग येतो, खोकला येत नाही, हीच खूण. आता वाटण घाल, गॅस परत मंद चालू कर आणि परतत राहा, पाच-सहा मिनिटांनी वाटणाच्या कडेनं तेल सुटायला लागेल. ते दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही, कितीही वाटलं तरी.

तेल सुटलं की मटकीचं गाळलेलं पाणी आणि कमी पडेल तेवढं साधं पाणी, सगळं मिळून तीन मोठे कप, गरम करून घाल. एक उकळी आली की आच बारीक करून पंधरा मिनिटं रटरटू दे. धाडधाड उकळलं की तेल आणि पाणी एकत्र होऊन कट गढूळ दिसतो, मंद उकळीवर तवंग आपोआप वर येतो. कट पातळच पाहिजे, चमच्यातून पाण्यासारखा सुटला पाहिजे, आमटीएवढा दाट झाला तर गरम पाणी घाल. मीठ अगदी शेवटी, चव बघून, कारण चटणीत मीठ असतं, मटकीच्या पाण्यात असतं आणि उद्या वर फरसाण पडणार त्यात पण असतं. गरम मसाला वगैरे वेगळा काही घालू नको, आपल्या उन्हाळ्यात केलेल्या चटणीत सगळे खडे मसाले असतातच. गूळ, साखर पण नको, आपली मिसळ गोड नसते.

तिखटाचं थोडं बोलतो. दोन चमचे मी मुद्दाम सांगितलेत, आमच्याकडं दुकानात ह्याच्यापेक्षा जास्त असतं. सकाळी सातच्या आत रिकाम्या पोटी झणझणीत कट आणि वर लगेच हायवेनं बसमधून कागलपर्यंत प्रवास, बऱ्याच जणांना त्यानं छातीत जळजळ होते आणि मग सगळा दिवस खराब. घरची चटणी संकेश्वरीची जहाल असेल तर दीडच चमचा घाल आणि रंगासाठी अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट घाल, दिसायला तीच लाली, पोटाला त्रास नाही. वहिनींना आधीच पित्ताचा त्रास असेल तर एक चमच्यावर थांब आणि बाजूला वाटीभर दही ठेव.

कट आणि मटकी दोन्ही गार झाल्यावर वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेव. काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा नको, लाल रंग बाहेरून दिसतो. कट रात्रभर मुरला की जास्त चांगला लागतो, हे मी रोज बघतो. फरसाण शंभर ग्रॅम पुरतं, जाडी शेव आणि पापडी असलेलं तिखट घे, गोड नको, बुंदी-मनुकेवालं तर अजिबातच नको. ते तांदळाच्या डब्यात नाहीतर तुझ्या बॅगेत ठेव. आमचा एक रोजचा गिऱ्हाईक आहे, त्यानं असंच सगळं जमवलं होतं आणि फरसाणाचा पुडा ओट्यावर राहिला, रात्री टीव्ही बघता बघता दोघांनी मिळून तो संपवला, मग सकाळी सहाला तो माझ्याकडं धावत आला होता फरसाण मागायला. ब्रेड बेकरीतून संध्याकाळचा ताजा, जाड स्लाईसचा आण. पाव नको, आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाईसच लागते आणि ती भाजायची पण नाही, मऊ असली की कट नीट पिते.

खर्च बघ, मटकी, फरसाण, ब्रेड, एक लिंबू आणि कोथिंबिरीची छोटी पेंडी, एवढंच विकत आणायचं. कांदे, तेल, चटणी, खोबरं घरात असतंच. शंभर-सव्वाशेच्या वर जात नाही आणि त्यातच डब्याची भाजी पण निघते.

आता बुधवार सकाळ. वहिनी सहाला उठणार, सातला पाच कमी असताना निघायला तयार असणार असं धरतो. तू सव्वासहाला, त्या अंघोळीला गेल्या की सुरू कर. आधी कटाचा डबा काढून पातेल्यात ओत, वर साचलेलं घट्ट तेल चमच्यानं निपटून त्यातच घाल, रात्रीत तो आळलेला असतो म्हणून अर्धा कप गरम पाणी घाल आणि बारीक आचेवर ठेवून दे. त्याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्याच्याकडं बघत बसायला लागत नाही. दुसऱ्या गॅसवर चमचाभर तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून सगळी मटकी परत, अर्धी मिसळीला काढ, उरलेल्या अर्ध्यात थोडी चटणी आणि मीठ टाकून दोन मिनिटं अजून परतली की डब्याची भाजी तयार. चपात्या तव्यावर जरा गरम करून डबा भर आणि झाकण लगेच लावू नको, वाफ जाऊ दे.

कांदा आत्ताच चिर, रात्री नको. चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास सुटतो. कोथिंबीर मात्र रात्रीच धुऊन कोरडी करून ठेवलेली असू दे, ओली कोथिंबीर सकाळी चिरताना सुरीला चिकटते आणि चिडचिड होते. पावणेसातच्या आत टेबलावर सगळं मांडलेलं पाहिजे आणि ताट त्या बसल्यावरच भर. खोलगट ताटलीत आधी दोन-तीन चमचे मटकी, त्यावर पळीभर कट, मग फरसाण, मग कांदा-कोथिंबीर, लिंबू पिळायचं आणि उरलेला कट वाटीत बाजूला. फरसाण आधीच भिजवून ठेवलंस तर पाच मिनिटांत त्याची पेज होते आणि मिसळीतली कुरकुर जाते. पहिला घास खाताना फरसाण अर्धं कुरकुरीत, अर्धं कटात मुरलेलं लागलं पाहिजे, तुझी सगळी धडपड त्यासाठी आहे.

कांदा वेगळ्या वाटीत ठेवलास तर जास्त बरं, त्या दिवशी ऑफिसात मीटिंग असेल तर कच्चा कांदा घ्यायचा की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. आणि कंपनीचा युनिफॉर्म फिकट रंगाचा असेल तर जवळ एक जुना नॅपकिन ठेव, कटाचा डाग हळद आणि तेलाचा असतो, सहज निघत नाही.

एखाद्या दिवशी अंघोळीला उशीर होतो, फोन येतो, बस पाच मिनिटं आधी येते, असं होऊ शकतं. तेव्हा बसवून खायला लावू नको, बस चुकली तर दिवसभर त्यांच्या डोक्याला ताप. त्यासाठी एक घट्ट झाकणाचा छोटा थर्मास नाहीतर रबराच्या रिंगचा स्टीलचा डबा आधीच धुऊन तयार ठेव, त्यात गरम कट आणि मटकी एकत्र, फरसाण आणि कांदा वेगळ्या डब्यांत, चार स्लाईस फडक्यात गुंडाळून. कंपनीत पोचल्यावर दहा मिनिटं मिळाली की कँटीनमध्ये बसून खातील, मैत्रिणींना पण वाटतील. थर्मासात कट ओतायच्या आधी त्यात उकळतं पाणी घालून दोन मिनिटं ठेवायचं आणि ओतून द्यायचं, नाहीतर कागल येईपर्यंत कट कोमट होतो.

त्या गेल्या की ओटा, कढई, पातेली सगळं घासून ठेव, रात्री येऊन त्यांना तेलकट भांडी घासायला लागली तर सकाळच्या मिसळीचं काय राहिलं? कढईला आधी कोरडं बेसन नाहीतर पीठ चोळून घे, लाल तेल ते शोषून घेतं आणि मग साबण कमी लागतो. कट उरलाच तर परत फ्रीजमध्ये ठेव आणि त्याच रात्री संपव, उकडलेली चार अंडी अर्धी करून त्यात सोड, पाच मिनिटं उकळ, आणि भाकरी असेल तर जेवण झालं.